सहावीचा मसावि: दोन तासांत तीन पायऱ्यांचा पाठ, आणि भरभर करणाऱ्या मुलांना काय द्यावं?

खाडीकाठची_बाई (धागाकर्ती) | रविवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात खाडीकाठच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गात 21 मुलं आहेत. पुढच्या आठवड्यात मसावि घ्यायचा आहे आणि माझ्या हाताशी 35 मिनिटांचे दोन तास आहेत, एक गुरुवारी आणि एक शुक्रवारी.

वर्ग असा आहे: पाच-सहा मुलं सरावसंच पंधरा मिनिटांत संपवतात. मधली दहा-बारा मुलं पद्धत दाखवली की करतात, पण प्रश्नाचे शब्द बदलले की अडतात. उरलेल्या तीन-चार जणांचे पाढे कच्चे आहेत, त्यामुळे विभाजकांची यादी करतानाच ती थकतात. भरभर करणाऱ्यांना आणखी दहा उदाहरणं दिली तर तीही ती संपवतात आणि त्यातून नवीन काही शिकत नाहीत. त्यांना लसाविचा पुढचा धडा उघडून दिला, तर तो धडा वर्गात येईल तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहील.

मला तिघांना तीन वेगळे धडे द्यायचे नाहीत. एकच गोष्ट सगळ्यांनी वेगवेगळ्या खोलीवर करावी असं वाटतं. सुरुवात ठरवली आहे: 12 सेंमी × 18 सेंमी जमिनीवर सारख्या चौरस फरशा बसवायच्या, तुकडा न पाडता, आणि फरशी शक्य तितकी मोठी हवी. उत्तर 6. त्याच्या पुढे कुठे जावं? कोणी असा पाठ आखला असेल तर तपशिलात सांगा.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, रात्री 9:48

बाई, तुमचा प्रश्न जुना आहे. आमच्या वेळी एक साधा उपाय होता: हुशार मुलाला कच्च्या मुलाशेजारी बसवायचं. शिकवताना हुशाराचं पक्कं होतं आणि दुसऱ्याला मदत मिळते. वेगळे कागद करायला वेळ कुणाकडे आहे? आणि जे खरंच पुढे आहेत त्यांना सातवीचं पुस्तक द्या. मी अनेक मुलांना असं पुढे काढलेलं आहे.

---

वेंगुर्लेकर | रविवार, रात्री 10:15

शिष्यवृत्तीसाठी मसावि-लसाविची तयारी असेल तर एक युक्ती देतो: दोन संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि. हे पाठ करून घ्या, बरेच प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतात. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवा आणि घड्याळ लावून सोडवून घ्या. वेग वाढतो.

---

अपूर्णांक | रविवार, रात्री 11:02

वेंगुर्लेकर, बाईंच्या मुलांना वेग आहेच. वेगानं उत्तर काढणाऱ्या मुलाला पुढे विचार करायला काय द्यायचं, असं त्या विचारताहेत. तुमच्या सूत्राकडे मात्र एक चांगला प्रश्न आहे, तो शेवटी लिहिते.

बाई, मी शिक्षक प्रशिक्षणात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची 12 × 18 ची सुरुवात उत्तम आहे, तीच ठेवा. गुरुवारी अख्खा वर्ग एकच काम करेल. जोडीला एक 12 × 18 चा कागद आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलेले 2, 3, 4, 5, 6 सेंमी बाजूचे चौरस द्या. वहीत दोन रकाने: "12 च्या बाजूला पुरतो का", "18 च्या बाजूला पुरतो का". इथे 4 चा चौरस महत्त्वाचा आहे. तो 12 ला तीनदा नेमका बसतो आणि 18 ला चारदा बसून 2 सेंमीची पट्टी उरते. बरीच मुलं एकाच बाजूला लावून "बसतो" म्हणतात. ती पट्टी त्यांना हातानं दिसू द्या, फळ्यावर सांगू नका.

तासाच्या शेवटी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या. तिच्यावर दोन प्रश्न:

पहिला: 20 × 30 जमिनीला सर्वांत मोठा चौरस केवढा?
दुसरा: 4 × 9 जमिनीचं क्षेत्रफळ 36 आहे. 6 बाजूच्या एका फरशीचं क्षेत्रफळही 36 आहे. मग ही एक फरशी त्या जमिनीवर बसेल का? कारण लिहा.

शुक्रवारची विभागणी दुसऱ्या प्रश्नावरून करा. पहिला प्रश्न भरभर करणारी सगळी मुलं सोडवतील, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्यात क्षेत्रफळाला भाग जातो, बाजूंना जात नाही. तिथे "हो" लिहिणारं मूल कितीही वेगवान असलं तरी मसावि दोन बाजूंचा असतो हे त्याला अजून पुरतं दिसलेलं नाही. भरभर करणाऱ्यांपैकीही एक-दोन जण इथे अडकतात. चिठ्ठ्या घरी नेऊन तीन गठ्ठे करा.

शुक्रवारचं उद्या लिहिते.

---

आईची_शाळा | सोमवार, सकाळी 7:30

माझी मुलगी रत्नागिरीत सहावीत आहे. ती लवकर संपवते, मग तिला रोज शेजारच्या मुलाला समजावून सांगायला बसवतात. घरी येऊन म्हणते, "आई, मी आज पण मास्तरीण होते, मला काही नवीन मिळालं नाही." मास्तरांचा उपाय वाचून तेच आठवलं. मुलाला मदत करायला तिची हरकत नाही, पण रोज?

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी 8:05

ताई, रोज नको हे मान्य. पण दुसऱ्याला सांगताना जे कळतं ते एकट्यानं सोडवताना कळत नाही, हे मी वर्गात पाहिलेलं आहे.

---

अपूर्णांक | सोमवार, दुपारी 1:20

मास्तर, तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. सांगितल्यानं समज घट्ट होते. पण सहावीतलं मूल शेजाऱ्याला कारण सांगत नाही, ते कृती सांगतं: "याला याने भाग, मग हे लिही." शेजाऱ्याची वही भरते आणि त्याचा विचार तिथेच थांबतो. ज्याला सांगायचं आहे त्यालाही उत्तर माहीत नसेल असा प्रश्न असेल तरच सांगण्यातून काही निघतं. म्हणून दोन पायऱ्यांवरची मुलं शेवटी एकमेकांना काहीतरी दाखवतील अशी जागा पाठातच करायची.

सातवीच्या पुस्तकाबद्दल बाईंनी स्वतःच कारण दिलं आहे. पुढचा धडा दिल्यानं मूल पुढे सरकतं, पण मसाविबद्दल त्याला अधिक काही कळत नाही. वाढीव काम त्याच कल्पनेत खाली उतरणारं हवं.

आता शुक्रवार. तीन कामं, नावं साधनांवरून: तुकडे, कात्री, कर्ण. मुलांच्या गटांना नाव देऊ नका, कामाला द्या.

तुकडे. ज्यांना दुसरा प्रश्न जमला नाही किंवा पहिलाही नाही, त्यांच्यासाठी. 8 × 12, मग 9 × 15, पुठ्ठ्याचे चौरस हाताशी. तिसरं 10 × 25, पण आता चौरस न देता फक्त बाजू बघून. पाढे कच्चे असणाऱ्यांना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. इथे आपण पाढे तपासत नाही आहोत.

कात्री. मधल्या मुलांसाठी. 10 × 16 चा कागद. त्यातून शक्य तेवढा मोठा चौरस कापायचा: 10 × 10 चा. उरला 10 × 6. त्यातून 6 × 6, उरला 4 × 6. त्यातून 4 × 4, उरला 4 × 2. त्यात 2 चे दोन चौरस आणि काहीच उरत नाही. शेवटचा चौरस 2, तोच 10 आणि 16 चा मसावि. मग 60 × 84, हा कागदावर मावत नाही, म्हणून मनात कापायचा: 60, मग 24 चे दोन, मग 12 चे दोन. उत्तर 12. पुस्तकातली भागाकाराची पद्धत म्हणजे हीच कात्री आहे. बाकीने पुन्हा भाजकाला का भागायचं, याचं कारण मुलांना त्या उरलेल्या पट्टीत सापडतं.

कर्ण. चिठ्ठीवर दुसऱ्या प्रश्नाचं कारण नीट लिहिणाऱ्यांसाठी. चौकटीच्या वहीत आयत काढायचा आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ मारायची. रेघ किती चौकटींच्या आतून जाते? नुसता कोपऱ्याला स्पर्श झाला तर ती चौकट धरायची नाही, हा नियम कागदावरच लिहा.

आयतांचा क्रम मुद्दाम ठरवायचा. आधी 2 × 3, 3 × 4, 3 × 5. उत्तरं 4, 6, 7. मुलं लगेच म्हणतात, "बेरीज करून एक वजा." म्हणू द्या, वहीत नियम म्हणून लिहू द्या. मग 4 × 6 द्या. नियमानं 9 यायला हवेत, मोजून 8 येतात. त्यानंतर 3 × 6, जिथे 8 च्या जागी 6 येतात. इथून पुढे मुलं स्वतः शोधायला लागतात. बेरजेतून वजा करायची संख्या कधी 1, कधी 2, कधी 3 आहे, आणि ती कोणती हे सापडतं तेव्हा मसावि त्यांच्या हाताला अशा जागी लागतो जिथे त्यांनी तो शोधलेला नसतो.

एक सावधगिरी: 5 × 8 आधी देऊ नका. त्यात रेघ दोन ठिकाणी कोपऱ्याच्या अगदी जवळून जाते आणि बोथट पेन्सिलीनं ती कोपऱ्यातूनच गेल्यासारखी दिसते. खरं उत्तर 12 आहे, मुलं 10 मोजतात आणि चांगला नियम टाकून देतात. शेवटी मात्र द्या, कारण तिथे डोळ्यावर विसंबता येत नाही. कोपऱ्यातून जायची तर 5/8 ला लहान अंश-छेदात लिहिता आलं पाहिजे, आणि ते येत नाही.

शेवटची सात मिनिटं तिन्ही कामं थांबवून सगळ्यांना एकच जमीन द्या: 7 × 9. तुकडेवाले दाखवतील की 1 सोडून कोणताच चौरस दोन्ही बाजूंना पुरत नाही. कात्रीवाले दाखवतील की 7, मग 2 चे तीन, मग 1 चे दोन, म्हणजे कापत कापत एकावर येतो. कर्णवाले दाखवतील की रेघ मध्ये एकाही कोपऱ्यातून जात नाही आणि 15 चौकटी लागतात. एकाच गोष्टीचे तीन पुरावे. मास्तर, मी म्हणते ते सांगणं इथे होतं.

---

एकशिक्षकी | सोमवार, दुपारी 3:45

वाचायला फार छान आहे. माझ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी एकत्र आहे आणि शिक्षक मी एकटा. तीन इयत्ता म्हणजे तीन पायऱ्या आधीच आहेत, त्यात प्रत्येकीच्या तीन कशा करणार? शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. हे असलं नियोजन 21 मुलांच्या एका वर्गाला जमेल, आमच्यासारख्यांना नाही.

---

खाडीकाठची_बाई | सोमवार, रात्री 8:30

अपूर्णांक ताई, खूप आभार. तीन शंका आहेत.

एक, कर्णवाल्यांतल्या कुणी दहा मिनिटांत नियम सांगितला तर? दोन, कर्णवाले अडले आणि मी तेव्हा तुकडेवाल्यांकडे असले तर? तीन, मुलांना स्वतःला काम निवडू द्यावं का? माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे पाढे कच्चे आहेत पण चित्रं फार चांगली वाचते. चिठ्ठीवरून ती तुकड्यांतच जाईल.

एकशिक्षकी सर, तुमचा प्रश्न खरा आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

---

अपूर्णांक | सोमवार, रात्री 9:15

पहिली शंका. नियम सांगितला तर विचारा, "का?" नियम आकड्यांतून दिसतो, कारण आकड्यांत नसतं. कारण असं आहे: रेघ पहिल्या चौकटीत सुरू होते, आणि आतली प्रत्येक रेषा ओलांडली की एका नव्या चौकटीत शिरते. 4 × 6 मध्ये आतल्या रेषा 3 आणि 5, म्हणजे 8. पहिली चौकट धरून 9 व्हायला हव्यात. पण मधल्या कोपऱ्यावर रेघ दोन रेषा एकदम ओलांडते आणि नवी चौकट एकच मिळते. म्हणून एक कमी, 8. हे मुलाला आपल्या शब्दांत लिहायला लावा. सहावीच्या मुलाला त्यालाच बराच वेळ लागतो.

दुसरी शंका. तीन मदतचिठ्ठ्या करून पाकिटात ठेवा, एक उघडून पाच मिनिटं झाल्याशिवाय दुसरी नाही. पहिली: "नियम चुकला त्या आयतांच्या बाजू वेगळ्या काढा." दुसरी: "त्या आयतांत रेघ आतल्या किती कोपऱ्यांतून गेली?" तिसरी: "रेघ एक रेषा ओलांडते तेव्हा काय होतं? दोन एकदम ओलांडते तेव्हा?" तिन्हींत उत्तर नाही. फक्त कुठे बघायचं ते आहे.

तिसऱ्या शंकेवर माझं मत मुलांनी निवडू नये असं आहे. सहावीत मूल मित्राच्या शेजारची जागा निवडतं, काम निवडत नाही.

एकशिक्षकी सर, तुम्हाला प्रत्येक इयत्तेच्या तीन करायची गरजच नाही. इयत्ता विसरून काम ठेवा. फरशीचा कागद तिसरीच्या मुलालाही देता येतो, तो चौरस लावून बघेल. पाचवीतलं मूल कात्रीपर्यंत जाईल.

---

एकशिक्षकी | सोमवार, रात्री 10:05

तिसरीच्या मुलाला फरशी देता येईल, हे पटतं. पण तपासणीला कुणी आलं की इयत्तेनुसार नोंद मागतात. तिथे काय लिहू?

---

वेंगुर्लेकर | मंगळवार, सकाळी 6:50

निवडीबद्दल माझं मत उलट आहे. मी शिकवणी घेतो. तीन कागद टेबलावर ठेवतो, मुलं उचलतात. पहिले काही दिवस सगळे अवघड कागद उचलतात, मग आपोआप जागेवर येतात. आपण वाटून दिलं की मुलाला लगेच कळतं की सर मला कच्चा समजतात, नाव तुकडे द्या नाहीतर आणखी काही.

आणि ताई, माझ्या सूत्राकडचा तो प्रश्न राहिला.

---

अपूर्णांक | मंगळवार, सकाळी 9:30

शिकवणीत मुलांना जागेवर यायला दिवस मिळतात. बाईंकडे एकच तास आहे. पण तुमचं दुसरं वाक्य मी खोडून काढू शकत नाही. मुलांना कळतंच.

तो प्रश्न असा: दोन संख्यांचा मसावि 6 आणि लसावि 36 आहे, त्या संख्या कोणत्या? सूत्रानं गुणाकार 216 येतो आणि मूल 12 व 18 सांगून थांबतं. पण 6 आणि 36 सुद्धा चालतात. आणि 8 व 27 चा गुणाकारही 216 असून ते चालत नाहीत. पुढे विचारा: मसावि 6 आणि लसावि 40 अशा दोन संख्या असतील का? नसतील, कारण 6 त्या प्रत्येक संख्येला भागतो, ती संख्या 40 ला भागते, मग 6 ने 40 ला भाग जायला हवा. सूत्र पाठ असलेली मुलं इथे 240 काढून जोड्या शोधत बसतात. लसावि शिकवून झाला की बाईंनी हा वापरावा, आता नको.

---

दर्यावर्दी | मंगळवार, रात्री 9:40

मी मालवणाक रवतंय. मास्तर नाय मी, मासळीचो धंदो आसा. बाईनू, लसावि घेशात तेव्हा भरती घेवा. माझ्या बापाशीक नुसती तिथ सांगा, भरतीची येळ तो तोंडान सांगता. तिथीची पाऊणपट केली की झाला. पंचमीक पावणेचार, अष्टमीक सा.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून असं लिहितो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणजे 745 मिनिटं. दिवसाची 1440 मिनिटं. आज बरोबर बारा वाजता भरती असेल तर पुन्हा बरोबर त्याच वेळेला कधी, हा लसाविचा प्रश्न झाला ना? माझ्या भाच्याला घातला, त्याने 149 दिवस सांगितले. पण आम्हाला तर दर पंधरा दिवसांनी तीच वेळ येताना दिसते. गणित चुकलं का आम्ही?

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री 10:10

वा! हाच खरा कोकणातला प्रश्न. फरशीपेक्षा हाच द्या बाई. भाच्याचं गणित बरोबर आहे: 745 आणि 1440 चा मसावि 5, लसावि 2,14,560 मिनिटं, म्हणजे 149 दिवस. पंधरा दिवसांना भरती थोडी मागेपुढे होत असेल, तुम्हाला ती सारखी वाटते एवढंच.

---

अपूर्णांक | मंगळवार, रात्री 11:25

मास्तर, भाच्याचं उत्तर त्या आकड्यांसाठी बरोबर आहे. पंधरा दिवसांबद्दलचं तुमचं बोलणंही बरोबर आहे: 29 भरत्या म्हणजे 21,605 मिनिटं आणि पंधरा दिवस म्हणजे 21,600. फरक पाच मिनिटांचा. तो होडीवरून कळत नाही.

पण 149 वर माझा विश्वास नाही. 12 तास 25 मिनिटं हा आकडा साधारण आहे. तो एकच मिनिट कमी धरा, 744. आता 744 आणि 1440 चा मसावि 24 येतो, लसावि 44,640 मिनिटं, म्हणजे 31 दिवस. एका मिनिटानं 149 चे 31 झाले! समुद्रात काहीच बदललेलं नाही. लसावि नेमक्या पूर्ण संख्यांवर चालतो, आणि साधारण मापांवर तो असा उड्या मारतो. पंधरा दिवस मात्र दोन्हीकडे जवळजवळ टिकतात: 744 धरलं तर 29 भरत्या पंधरा दिवसांच्या 24 मिनिटं आधी संपतात.

म्हणून हा प्रश्न मला फार आवडला, पण पहिल्या ओळखीला नको. लसावि घट्ट झालेल्या मुलांना द्यावा, आणि असा: "745 घेऊन काढा, 744 घेऊन काढा, आणि दर्यावर्दींच्या वडिलांना कोणतं उत्तर पटेल ते सांगा." दर्यावर्दी, गणितही चुकलं नाही आणि तुम्हीही नाही. लसावि नेमकी तीच वेळ शोधतो, तुम्ही जवळजवळ तीच वेळ बघता.

पाऊणपटीनं तिथीमागे 45 मिनिटं येतात. 15 तिथींत भरती घड्याळाचा 12 तासांचा फेरा पुरा करते असं धरलं तर तिथीमागे 48 येतात. तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी. पौर्णिमेला ती सव्वाअकरा सांगते, 48 नं बारा वाजतात.

---

दर्यावर्दी | बुधवार, सकाळी 5:55

बापाशीक इचारलंय. तो म्हणता, पुनवेक बाराच धरूचे, पाऊणपट मधल्या तिथींक.

---

खाडीकाठची_बाई | शनिवार, दुपारी 4:20

पाठ झाला. सविस्तर लिहिते.

गुरुवारी 4 च्या चौरसावर चार जोड्यांनी "बसतो" लिहिलं, मग पट्टी उरली तेव्हा खोडलं. चिठ्ठीत 4 × 9 च्या प्रश्नाला भरभर करणाऱ्या सहांपैकी दोघांनी "हो, क्षेत्रफळ सारखं आहे" लिहिलं. ते दोघं शुक्रवारी कात्रीला बसले. एकाला राग आला होता. त्याला म्हटलं, 60 × 84 मनात कापून दाखव आणि कर्ण घे. त्याने दाखवला, घेतला.

कर्णवाल्यांनी "एक वजा" हा नियम मोठ्या अक्षरांत लिहिला. 4 × 6 ला एका जोडीनं 9 मोजल्या आणि दुसरीनं 8. वाद जोरात झाला. पहिल्या जोडीची रेघ पट्टी सरकल्यानं मधल्या कोपऱ्याच्या बाजूनं गेली होती. चौकटी रंगवायला सांगितल्यावर आणि पेन्सिलीला टोक केल्यावर मिटला. कोपऱ्यावरच्या स्पर्शाचा नियम कागदावर होता म्हणूनच तो मिटू शकला. मदतचिठ्ठ्यांपैकी दोन उघडल्या गेल्या. दोन रेषा एकदम ओलांडण्याचं कारण एका मुलानं नीट सांगितलं, लिहिताना मात्र त्याला शब्द मिळेनात. ते सोमवारी पूर्ण करून घेणार आहे.

आता ती चित्रं वाचणारी मुलगी. ती तुकड्यांत होती. तिचं 9 × 15 लवकर झालं आणि ती शेजारच्या बाकावर एकानं काढलेला 12 × 18 चा कर्ण बघत बसली. त्या मुलाला 24 चौकटी मोजून आल्या होत्या. ती म्हणाली, "बाई, हे तर 2 × 3 चेच सहा तुकडे तिरके ठेवलेत. एकात चार चौकटी, सहा चोक चोवीस." मी वर्ग थांबवून तिला फळ्यावर बोलावलं. कर्णवाल्यांपैकी कुणालाच हे दिसलं नव्हतं, ते बेरीज-वजाबाकीतच होते. निवडीबद्दलचं वेंगुर्लेकरांचं म्हणणं तेव्हा आठवलं. पुढच्या वेळी चिठ्ठी घेईन, पण पंधरा मिनिटांनी काम बदलायची मुभा सगळ्यांना ठेवीन.

7 × 9 ला वेळ कमी पडला. तुकडे आणि कात्री झालं, कर्णाला घंटा वाजली.

---

अपूर्णांक | शनिवार, सायंकाळी 6:10

त्या मुलीची रीत माझ्या कारणापेक्षा सुंदर आहे. मसावि 6, म्हणून कर्णावर 2 × 3 चे सहा ठोकळे, आणि 2 × 3 मध्ये रेघ कोणत्याही आतल्या कोपऱ्यातून जात नाही. सोमवारी कर्णवाल्यांना विचारा की तिची रीत आणि त्यांचा नियम एकच उत्तर नेहमी का देतात.

चिठ्ठीवर मी जास्त भरवसा ठेवला होता. चिठ्ठी लिहून उत्तर मागते, ही मुलगी बघून विचार करते. तिच्यासाठी चिठ्ठीवर काय असावं, याचा मी विचार करते आहे. कुणाला सुचलं तर लिहा.

---

आईची_शाळा | शनिवार, रात्री 8:00

काल मुलीला 2 × 3 पासून 4 × 6 पर्यंत घातलं. जेवायला उठेना. आज विचारते आहे, आयताऐवजी आंब्याची पेटी असेल आणि आत सारखे घन भरले असतील, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तार घातली की ती किती घनांतून जाईल? मला तर चित्रही काढता येत नाही. कुणी सांगाल?

---

अपूर्णांक | शनिवार, रात्री 8:35

चित्र काढायचंच नाही, भिंती मोजायच्या. तिला आधी 2 × 3 × 5 द्या: आतल्या भिंती 1, 2 आणि 4, तार सात वेळा भिंत ओलांडते, पहिला घन धरून 8. मग 2 × 2 × 3 विचारा. तिथे भिंती 1, 1 आणि 2, म्हणजे 5 यायला हवेत, आणि येतात 4. का ते तिला शोधू द्या, आणि काय म्हणते ते इथे लिहा.